अंजिरात मेलेली गांधीलमाशी असते का?

काही अंजिरांत ती खरोखरच शिरते आणि आतच मरते. इतर अनेक अंजिरांत ती कधी शिरलेलीच नसते. आणि ज्या अंजिरात अशा शेकडो माश्या जन्माला येतात, ते अंजीर सहसा कोणी खात नाही. ही तीन अंजिरं वेगवेगळी आहेत, पण "अंजीर मांसाहारी आहे बरं का" म्हणून फिरणारे निरोप तिघांची सरमिसळ करून टाकतात. त्यामुळे एकीकडे अंजीर फोडलं की आत माश्यांचा खच असेल अशी भीती, आणि दुसरीकडे "छे, सगळी थाप आहे" असा ठामपणा. दोन्ही चूक.

आधी "गांधीलमाशी" म्हटल्यावर डोळ्यांसमोर जी नांगी परजत घोंघावणारी पिवळी माशी येते, ती बाजूला ठेवू. अंजिरातला कीटक तिचा लांबचा नातेवाईक आहे खरा, पण त्याची लांबी सुमारे दोन मिलिमीटर. मादी काळी, चकचकीत, पंख असलेली. माणसाला दंश करणं तिच्या कुवतीतलंच नाही. शास्त्रीय नाव ब्लास्टोफेगा सेनेस. यापुढे तिला नुसतं वास्प म्हणू.

आता अंजीर. वड, पिंपळ, उंबर आणि अंजीर हे सगळे एकाच कुळीतले, फायकस या प्रजातीतले. या झाडांना फुलं येताना दिसत नाहीत. "उंबराचं फूल" हा वाक्प्रचार त्यावरूनच पडला. फुलं येतात, पण आतल्या बाजूने. सूर्यफुलाची चकती कडांनी वर उचलून, तोंड जवळजवळ बंद होईल अशी पिशवीसारखी आवळली, तर तिच्यावरची शेकडो बारीक फुलं आत कोंडली जातील. अंजीर म्हणजे हीच पिशवी. आपण ज्याला फळ म्हणतो तो फुगलेला, मांसल फुलोरा असतो. आतल्या प्रत्येक फुलाचं स्वतःचं एक इवलंसं फळ होतं. अंजीर खाताना दाताखाली कुरकुरतात ती हीच फळं, त्यांच्या आतल्या बियांसकट. ती कुरकुर वास्पच्या हाडांची नसते. कीटकाला हाडं नसतातच.

फुलं आत कोंडल्यामुळे परागीभवनाचा प्रश्न अवघड होतो. वारा आत जात नाही, मधमाशी मावत नाही. अंजिराच्या देठाच्या विरुद्ध टोकाला एक बारीक छिद्र असतं, पण तेही उघडं नसतं. एकावर एक बसलेल्या खवल्यांनी ते बंद केलेलं असतं. या खवल्यांमधून अंग रेटत आत जाऊ शकेल असा कीटक एकच, वास्पची मादी. तिचं डोकं चपटं असतं ते याच कामासाठी. तरीही वाट इतकी अरुंद असते की आत शिरताना पंख तुटून पडतात, स्पर्शिकांचे तुकडे होतात. म्हणजे आत गेलेली मादी उडून परत येईल ही शक्यता दारातच संपते.

ती इतकं करून आत का जाते? अंडी घालायला. इथे अंजिराच्या झाडाने केलेली एक गंमत समजून घ्यावी लागते, कारण सगळं उत्तर तिच्यात आहे.

दोन प्रकारची झाडं

अंजिराची झाडं दोन प्रकारची असतात. एकाला सोयीसाठी नर झाड म्हणू, दुसऱ्याला मादी झाड. नर झाडाच्या अंजिरात दोन्ही प्रकारची फुलं असतात: तोंडाजवळ परागकण देणारी नर फुलं, आणि बाकी सगळीकडे आखूड नळीची मादी फुलं. मादी झाडाच्या अंजिरात फक्त मादी फुलं, आणि त्यांची नळी लांब. नळी म्हणजे फुलाच्या टोकापासून खाली अंडाशयापर्यंत जाणारा दांडा. वास्पची मादी आपली अंडी घालण्याची सुई याच दांड्यातून खाली सोडते आणि अंडं थेट अंडाशयात ठेवते.

नर झाडाच्या अंजिरात दांडा आखूड असल्याने सुई तळापर्यंत पोचते. अंडं बसतं, फुलाचं बी न होता त्याची गाठ होते, आणि त्या गाठीत अळी वाढते. एका फुलात एकच अळी. मादी अंडी घालून तिथेच मरते. पुढची पिढी तयार झाली की आधी नर बाहेर पडतात. त्यांना पंख नसतात, रंग फिकट असतो, आणि त्यांचं सारं आयुष्य त्या एका अंजिरात जातं. अजून गाठीतच असलेल्या माद्यांच्या गाठींना ते भोक पाडतात, त्या भोकातूनच मीलन करतात आणि मरतात. मग माद्या बाहेर पडतात आणि अंजिराच्या तोंडाकडे निघतात. एव्हाना तोंडाजवळची नर फुलं फुललेली असतात, खवलेही सैल झालेले असतात. त्या गर्दीतून वाट काढताना परागकण त्यांच्या अंगभर लागतात. आता हातात वेळ असतो फार तर एक-दोन दिवसांचा. तेवढ्यात नवं, कोवळं, योग्य वयाचं अंजीर शोधायचं.

वाट वासाने सापडते. आत येऊ देण्याच्या वयाचं अंजीर एक विशिष्ट गंध सोडतं. मादी त्या गंधावर जाते, खवल्यांतून आत घुसते, पंख गमावते. आणि ते अंजीर मादी झाडाचं निघालं तर तिचा खेळ तिथेच संपतो. इथल्या फुलांचे दांडे लांब. सुई अंडाशयापर्यंत पोचतच नाही. ती एका फुलावरून दुसऱ्या फुलावर जाते, पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, आणि या धडपडीत अंगावरचे परागकण फुलाफुलांवर झटकले जातात. अंजिराचं काम झालं. शेकडो बिया धरतात, अंजीर फुगतं, गोड होतं. मादी एकही अंडं न घालता आत मरते.

म्हणजे हिशेब असा: वास्पची पिढी ज्या अंजिरात वाढते ते नर झाडाचं, कोरडं, स्पंजासारखं, खाण्याच्या लायकीचं नसलेलं अंजीर. आपण खातो ते मादी झाडाचं, आणि त्यात वास्पची वीण कधी होतच नाही. अळ्या नाहीत, कोश नाहीत, पंख नसलेल्या नरांची प्रेतं नाहीत. असलीच तर बाहेरून आलेली एखादी किंवा काही मोजक्या फसलेल्या माद्या.

कोणालाही शंका येईल की वास्प इतक्या पिढ्या फसत का राहिली. जी मादी चुकीच्या अंजिरात जाते तिला संतती नाही. मग नर-मादी अंजीर ओळखणाऱ्या वास्प टिकायला हव्या होत्या आणि मादी झाडांची फळं केव्हाच बंद व्हायला हवी होती. मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत सुंदर भाग इथे दिसतो. एक तर दोन्ही झाडांच्या अंजिरांचा गंध इतका सारखा असतो की भेद करायला फारसं काही हाती लागत नाही. पण खरं उत्तर वेळापत्रकात आहे. नर झाडाला वर्षात तीन बहर येतात. एक हिवाळाभर झाडावर राहतो आणि त्यात वास्पच्या अळ्या थंडी काढतात. त्यातून वसंतात बाहेर पडलेल्या माद्या दुसऱ्या बहरात शिरतात. हा दुसरा बहर परागकणांनी भरलेला असतो, आणि त्यातून जूनच्या सुमारास माद्यांची मोठी लाट बाहेर पडते. त्याच वेळी मादी झाडांची अंजिरं आत घ्यायला तयार असतात, आणि नर झाडाचा तिसरा बहर अजून पुरेसा तयार नसतो. म्हणजे त्या दिवसांत बाहेर पडलेल्या बहुतेक माद्यांपुढे निवड करायला दुसरं अंजीरच नसतं. ओळखण्याची कला असली तरी तिचा उपयोग शून्य. उशिरा निघालेल्यांना नर अंजीर मिळतं आणि वंश पुढे चालतो.

मग ती मेलेली मादी जाते कुठे?

यावर ठरलेलं उत्तर असं असतं की अंजिरात फायसिन नावाचं एन्झाइम असतं, ते वास्पला पूर्ण पचवून टाकतं, त्यामुळे काही उरत नाही. यातला पहिला भाग खरा आहे. अंजिराच्या झाडाच्या पांढऱ्या चिकात फायसिन असतं आणि ते प्रथिनं तोडतं. पण कीटकाचं बाहेरचं कवच नुसत्या प्रथिनांचं नसतं. त्यात कायटिन असतं, आणि कायटिन ही एक प्रकारची साखरेची साखळी आहे. प्रथिनं तोडणारं एन्झाइम तिचं काही करू शकत नाही. फायकस कुळीतल्या झाडांच्या चिकात कायटिन तोडणारी एन्झाइमंही सापडली आहेत, तेव्हा झाड अगदीच हतबल नाही. तरी "काहीही उरत नाही" हे विधान जरा जास्तच नीटनेटकं वाटतं. मऊ भाग विरून जातो, कवचाचे सूक्ष्म तुकडे राहू शकतात. पंख तर बऱ्याचदा दारातल्या खवल्यांतच अडकलेले असतात. मात्र शिरणं आणि फळ पिकणं यांत काही आठवडे जातात, आणि मुळात दोन मिलिमीटरच्या किड्याचं वजन मिलिग्रॅमच्याही अंशात मोजावं लागतं. पिकल्या अंजिरात उघड्या डोळ्यांनी ओळखू येईल अशी वास्प सहसा दिसत नाही.

हे सगळं झालं परागीभवन होणाऱ्या अंजिराबद्दल. आता मोठा अपवाद. लागवडीतल्या अंजिरांच्या कितीतरी जाती परागीभवनाशिवायच फळतात. वास्प आली नाही, परागकण आले नाहीत, तरी फळ गळत नाही. फुगतं, पिकतं, गोड होतं. ब्राउन टर्की, ब्लॅक मिशन, कडोटा ही यातली प्रसिद्ध नावं. माणसाने शेकडो वर्षं कलमांनी वाढवलेल्या या जाती आहेत. जिथे वास्प नाही अशा प्रदेशांतही त्या बिनधोक फळतात, आणि ताजी अंजिरं म्हणून पुष्कळदा याच विकल्या जातात. अशा प्रदेशातल्या अंजिरात वास्प असणं शक्यच नाही.

एक बारकावा मात्र सोडू नये. जातीला परागीभवनाची गरज नाही, याचा अर्थ ते होतच नाही असा नाही. भूमध्य समुद्राच्या काठी, जिथे रानात नर झाडं आणि वास्प दोन्ही आहेत, तिथे ब्राउन टर्कीच्या अंजिरातही वास्प शिरू शकते. तेव्हा जातीइतकंच गावही बघावं लागतं.

याउलट एक गट असा आहे ज्याचं वास्पशिवाय पानही हलत नाही. त्याला स्मर्ना गट म्हणतात. तुर्कस्तानातलं आजचं इझमीर म्हणजे जुनं स्मर्ना. तिथल्या बंदरातून जगभर जाणाऱ्या सुक्या अंजिरांवरून हे नाव पडलं. सुक्या अंजिरांचा दर्जा ज्यावरून ठरायचा ती हीच जात. तिच्या बाबतीत काय घडतं हे कळायला अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाची हकिकत पुरेशी आहे.

कॅलिफोर्नियातली वीस वर्षं

1880 च्या दशकाच्या सुरुवातीला स्मर्ना अंजिराची हजारो कलमं समुद्रमार्गे कॅलिफोर्नियाला आणली गेली. झाडं उत्तम वाढली, अंजिरं धरली, आणि सुपारीपेक्षा थोडी मोठी झाल्यावर सगळीच्या सगळी गळून पडली. दरवर्षी तेच. हवा, पाणी, माती, सगळ्यांवर शंका घेऊन झाली. तिकडच्यांनी मुद्दाम वांझ कलमं पाठवली, असाही बोभाटा झाला.

खरं कारण भूमध्य काठच्या शेतकऱ्यांना दोन हजार वर्षांहून जास्त काळ ठाऊक होतं. नर अंजिरं तोडून मादी झाडांना टांगायची ही रीत ग्रीक वनस्पतीज्ञ थिओफ्रास्टसने इसवी सनापूर्वीच लिहून ठेवली होती. त्या अंजिरांतून बारीक किडे बाहेर पडतात हेही त्याला माहीत होतं. पण शिकलेल्या लोकांत बराच काळ याला अडाण्यांची समजूत मानलं जात होतं. स्वीडनमध्ये जन्मलेले निसर्गतज्ज्ञ गुस्ताव आयसेन यांनी कॅलिफोर्नियात हे पटवायचा प्रयत्न केला तेव्हा त्यांना थट्टाच वाट्याला आली.

फ्रेस्नोचे रोपवाटिकाकार जॉर्ज रोडिंग यांनी मात्र तपासून पाहायचं ठरवलं. 1890 मध्ये नर अंजिरातले परागकण काढून ते हाताने स्मर्ना अंजिराच्या छिद्रातून आत सोडण्यात आले. ज्या फळांवर हा प्रयोग झाला ती गळली नाहीत, पिकली. शेजारची, हात न लावलेली, नेहमीप्रमाणे गळली. कारण स्पष्ट झालं, पण हजारो झाडांची फळं अशी एकेक करून भरवायची कोणी? वास्प आणायलाच हवी होती, आणि ते सोपं नव्हतं. एक-दोन दिवस जगणारा किडा जहाजाने समुद्रापार न्यायचा, आणि पोचल्यावर त्याला योग्य वयाची नर अंजिरं लगेच मिळायला हवीत. बरेच प्रयत्न याच गणितात फसले.

1899 मध्ये अमेरिकी कृषी खात्याच्या वॉल्टर स्विंगल यांनी अल्जीरियातून हिवाळी बहरातली नर अंजिरं वर्खात गुंडाळून पाठवली. आत वास्प अजून पूर्ण वाढल्या नव्हत्या, त्यामुळे प्रवास निभावला. फ्रेस्नोला पोचल्यावर त्या रोडिंग यांच्या नर झाडांत शिरल्या, आणि त्या उन्हाळ्यात त्यांची नवी पिढी बागेत दिसली. त्यानंतर स्मर्ना अंजीर तिथे फळू लागलं. रोडिंग यांनी त्याला कॅलिफोर्निया आणि स्मर्ना जोडून "कॅलिमर्ना" असं नाव दिलं, ते आजही चालतं.

तुर्कस्तानात अजूनही जूनमध्ये हेच काम चालतं. तिथे नर अंजिराला इलेक म्हणतात. ते तोडून, दोऱ्यात ओवून किंवा जाळीच्या पिशवीत घालून मादी झाडांवर अडकवतात. एकदाच नाही, काही दिवसांच्या अंतराने पुन्हा पुन्हा, कारण झाडावरची सगळी अंजिरं एकाच दिवशी तयार होत नाहीत. आणि फार टांगूनही चालत नाही. एका अंजिरात गरजेपेक्षा जास्त वास्प शिरल्या तर बिया अतोनात धरतात आणि फळ फुटतं. शिवाय वास्प नर अंजिरातून बाहेर पडताना परागकणांबरोबर फ्युसेरियम बुरशीचे बीजाणूही घेऊन येते. ते आत रुजले की अंजीर आतून कुजतं. बाहेरून आधी काही कळत नाही, मग सालीवर पाणचट, गुलाबी-जांभळट डाग दिसतात आणि तोंडातून चिकट रस गळतो. वास्प मेली की काळजी संपली असं बागायतदाराला म्हणता येत नाही. तिच्या पायांना काय लागलं होतं, हीच त्याची खरी डोकेदुखी. म्हणून नर झाडांची अंजिरं निरोगी ठेवणं आणि मोजूनमापून टांगणं, यावर त्याचं पीक अवलंबून असतं.

खाणाऱ्याने कसं ओळखायचं

सुक्या अंजिरात वळवळणारी अळी किंवा जाळं दिसलं, तर तो वास्पचा प्रकार नाही हे खात्रीने समजावं. वास्पची अळी खाण्याच्या अंजिरात होतच नाही, आणि नर अंजिरातही ती गाठीबाहेर फिरत नाही. अशी अळी बहुधा साठवणीतल्या सुक्या मेव्यावर येणाऱ्या पतंगाची किंवा भुंगेऱ्याची असते. ताज्या, पिकून सैल झालेल्या अंजिराच्या तोंडातून मुंग्या आणि रसावर येणाऱ्या बारीक माश्याही आत जातात. फोडलेल्या अंजिरातल्या किड्यांचे जे फोटो फिरतात ते पुष्कळदा यांचेच, किंवा रानातल्या एखाद्या भलत्याच फायकसचे. उंबरासारख्या झाडांत नर-मादी असा भेद नसतो; एकाच फळात बिया आणि वास्प दोन्ही वाढतात, म्हणून उंबर फोडलं की खरोखरच किडे बाहेर येतात. ते चित्र अंजिराला लावून मोकळं होणं हे या गोंधळाचं एक मोठं मूळ आहे. सुक्या अंजिरावरची पांढरी पूडही किड्यांची अंडी नसून बहुतेक वेळा वर आलेली साखर असते.

आपल्या हातातल्या अंजिरात परागीभवन झालं होतं का, हे घरी तपासता येतं. अंजीर फोडून गर पाण्यात चांगला कुस्करावा आणि बारीक बिया मोकळ्या करून भांडंभर पाण्यात सोडाव्यात. परागीभवन झालेल्या फुलांच्या बिया भरीव असतात, त्या तळाला बसतात. न झालेल्यांच्या पोकळ असतात, त्या तरंगतात. जवळजवळ सगळ्या तरंगल्या तर त्या अंजिरात परागकण पोचलेच नव्हते, आणि मग वास्प आत जाण्याचा संभव नगण्य. खूपशा बुडाल्या तर मात्र कधीतरी एक मादी त्या छिद्रातून आत गेली होती असं धरायला हरकत नाही. हाताने परागकण भरण्याचा खटाटोप बागेत कोणी करत नाही. गर चिकटलेला राहिला की पोकळ बीसुद्धा बुडतं, एवढी एक फसगत टाळावी.

कीटक अजिबात पोटात जाऊ नये असं ज्याचं व्रत असेल, त्याला या माहितीतून सरळ निवड करता येते. स्मर्ना गटातली सुकी अंजिरं टाळायची, आणि वास्प नसलेल्या प्रदेशात पिकलेली, परागीभवनाशिवाय फळणाऱ्या जातीची अंजिरं घ्यायची. विकणाऱ्याला जात आणि प्रदेश दोन्ही विचारावं लागेल. एकावरून भागत नाही.